बचतीचा दाखला

लेखा विभागातल्या कारकुनाला सगळे नियमबुवा म्हणत. संस्थेचं नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं, आणि त्याची त्याला जरा घमेंडही होती.

आर्थिक वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते. सचिवबाईंनी त्याला आत बोलावलं. सभागृहातल्या खुर्च्यांसाठी ठेवलेली रक्कम कधीच संपली होती. कर्मचारी वैद्यकीय मदतीच्या शीर्षात मात्र दोन लाख दहा हजार पडून होते.

"त्यातले दोन लाख फर्निचरकडे वळवा. टिपणी आणा, सही करते. एवढं माझ्या अधिकारात बसतं ना?"

"बसतं बाई. पण वैद्यकीय शीर्षात बचत आहे असा दाखला जोडावा लागतो. अर्ज प्रलंबित असला तर ती बचत धरता येत नाही. आपल्या ड्रायव्हरचा अर्ज आहे, बायकोच्या हृदयाच्या ऑपरेशनचा. एक लाख ऐंशी हजार."

त्याने कलमाचा आकडाही सांगितला. वाटलं, झालं, वहिनींच्या ऑपरेशनचे पैसे वाचले.

बाई हसल्या. "म्हणजे नडतोय तो फक्त प्रलंबित अर्ज. मग निकाली काढा ना. काहीतरी त्रुटी असेलच."

"मीच भरून दिलाय तो."

"मग तर तुम्हाला लगेच सापडेल. की मी शोधू? मग पंधरा दिवस तो तुमच्या टेबलावर कसा राहिला, तेही विचारीन."

त्याला शोधावं लागलं नाही. हॉस्पिटलच्या खर्चपत्रकावर डॉक्टरांची सही होती, शिक्का नव्हता. अर्ज घेतानाच त्याने ते पाहिलं होतं आणि चालेल म्हणून सोडून दिलं होतं.

चार वाजता अर्ज परत गेला. साडेचारला त्याने दाखल्यात लिहिलं, 'या शीर्षाखाली आज एकही अर्ज प्रलंबित नाही.' अक्षर न अक्षर खरं. पाचला बाईंची सही झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडतं न उघडतं तोच ड्रायव्हर धापा टाकत आला.

"दादा, हा घ्या शिक्का! एक सोडून दोन मारून आणले. आता कुणाची काय बिशाद?"

"पैसे वळवले रे."

"कधी?"

"काल. आता दहाच हजार आहेत."

ड्रायव्हरने कागदावरच्या शिक्क्यांवर बोट ठेवलं. "शिक्का नाही हे कुणी पाहिलं?"

"मी."

"आणि नव्या वर्षाचे पैसे?"

"अंदाजपत्रक मंजूर व्हायला दीड महिना तरी जाईल."

"सोमवारी ऑपरेशन आहे, दादा. तिला काय सांगू, दीड महिना दम धर म्हणून?"

आतून बाईंची हाक आली, "ड्रायव्हर, गाडी काढा! खुर्च्या बघायला जायचंय."

ड्रायव्हरने कागद टेबलावर ठेवला, किल्ली घेतली आणि गाडी काढायला गेला.