मांजर मेलं

वाचनालयाच्या मागच्या खोलीत धाकटी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. धाकटी म्हणजे कुणी शाळकरी पोर नव्हे. चाळिशी कधीच ओलांडलेली, दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून पाय सुजवून घेणारी. पण लिहिणाऱ्यांच्या या मंडळात बाकी सगळे निवृत्त, म्हणून ती धाकटी. तिला इथे आणलं होतं मास्तरीणबाईंनी. दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आल्या, गप्पा झाल्या आणि म्हणाल्या, "बोलतेस तसंच लिहून आण बघू."

मंडळाचा नियम साधा. लेख टाइप करून, नाव न घालता टेबलावर ठेवायचा. दुसऱ्याने तो मोठ्याने वाचायचा. चर्चा संपेपर्यंत लेखकाने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कुणी कुणाची भीड बाळगू नये म्हणून ही युक्ती. पण गेल्या महिन्यात तिचा लेख मांजराच्या मरणावर, आणि या महिन्यातही त्याच मांजराच्या मरणावर! नाव झाकून झाकणार काय, कपाळ?

गेल्या महिन्यात तिची पार शोभा झाली होती. त्या लेखात मांजर "पोटच्या पोरीसारखं" होतं, काळाने त्याच्यावर "झडप" घातली होती आणि शेवटी ते वरून चांदण्यांतून बघत होतं. मंडळातले वकील म्हणाले, "शोकसभेला उंदरांना आमंत्रण द्यायचं का?" डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. हे डॉक्टर म्हणजे जन्मभर माणसांची पोटं फाडून शिवलेले. मांजरासाठी त्यांच्याकडे कुठून येणार कळवळा? तेवढंही तिने गिळलं असतं. पण लेखात एक वाक्य होतं, "घरातलं माणूस जाणं म्हणजे काय, ते मला आता कळलं." ते वाचलं गेलं आणि मास्तरीणबाईंनी पिशवी उचलली. "डोकं दुखतंय जरा," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांचे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं.

तेव्हापासून त्या दुकानाकडे फिरकल्या नव्हत्या. धाकटीला झोप लागेना. नवरा म्हणाला, "अगं, सोड ना ते मांजर. दुसरं काहीतरी लिही." दुसरं काही सुचत असतं तर!

मग तिने लेख पुन्हा लिहायला घेतला. आधी पोटची पोर काढली. चांदण्या काढल्या. मग वरती एक वाक्य घातलं, "विषय तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण". दोन दिवसांनी तेही काढलं. आपणच आधी कान पकडून उभं राहिलं की चापट मारायचा मोह समोरच्याला होतोच. माणसाच्या मरणाशी केलेली प्रत्येक तुलना तिने शोधून शोधून खोडली. "गेली" हा शब्द पानोपानी होता. घरात ती मांजरीला "ती" म्हणायची, आणि ती "गेली" म्हणायची. पण गेली म्हटलं की वाचणारा लगेच सावध होतो, हिला माझ्याकडून रडू हवंय, हे त्याला कळतं. शेवटी तिने दात-ओठ खाऊन लिहिलं, "मांजर मेलं." लिहिताना आपणच त्याला मारतोय असं वाटलं, आणि ती मोरीत जाऊन रडून आली. पण शब्द ठेवला.

आता ते कागद टेबलावर होते. वकील आले, डॉक्टर आले. मास्तरीणबाई सगळ्यांत शेवटी आल्या, दाराजवळची खुर्ची घेऊन बसल्या आणि पिशवी मांडीवरच ठेवली. धाकटीची नजर त्या पिशवीवरून हटेना. एक वाक्य चुकलं की त्या उठणार, आणि यावेळी कायमच्या.

कागद डॉक्टरांच्या हाती लागले. "पुन्हा मांजर," ते म्हणाले. वकील खाकरले. डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी वाचावी तशा कोरड्या आवाजात सुरुवात केली.

"मांजर झोपलेलं असताना त्याचे श्वास मोजायचे, असं जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं. जागं असताना मोजून उपयोग नाही. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मिनिटाला तिसाच्या वर गेले तर फोन करा."

कुणी हसलं नाही. पुढे मांजराच्या वाढलेल्या हृदयाबद्दल होतं, छातीत साचणाऱ्या पाण्याबद्दल, आणि ते पाणी उतरवणाऱ्या गोळीबद्दल. मांजर गोळी गिळल्याचं सोंग करायचं, मिशा चाटून दाखवायचं आणि सोफ्यामागे जाऊन थुंकायचं. मालकीण औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांना "गोळी जेवणानंतर" असं दटावून सांगायची आणि घरी येऊन गुडघ्यांवर रांगत गोळी शोधायची. इथे वकील हसले. धाकटीने डोळे मिटून घेतले. पण हे हसणं वेगळं होतं, गोळीवरचं होतं. ते हसले आणि पुढे वाकून ऐकू लागले.

डॉक्टरांचा आवाज हळूहळू उतरत गेला. "स्वयंपाक करता करता मी गॅस बारीक करून बघायला जायची. नवऱ्याला बोलू द्यायची नाही. घड्याळ हातात, नजर पोटावर. मला घराचीच भीती वाटू लागली होती. दार उघडण्याआधी मी दाराला कान लावायची." ते थांबले. तेच वाक्य त्यांनी मागे जाऊन पुन्हा वाचलं. मग दवाखान्यात पायाचे केस काढून दिलेलं शेवटचं इंजेक्शन, टेबलावरचा टॉवेल, आणि शेवटी, "पोट वर आलं नाही. मांजर मेलं."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. मास्तरीणबाईंकडे बघायची धाकटीची छाती झाली नाही.

"टॉवेलचं वाक्य लांबलंय," वकील म्हणाले.

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "छातीतल्या पाण्याचं लांबलंय. ते मला विचारा." आणि दोघं टॉवेलवरून चक्क भांडू लागले. गेल्या महिन्यात तिच्या लेखातला स्वल्पविरामसुद्धा कुणी हलवला नव्हता. हलवायच्या लायकीचा कुणाला वाटलाच नव्हता.

"तुम्ही दोघं जरा गप्प बसा," दाराकडून आवाज आला.

मास्तरीणबाई उभ्या होत्या. पिशवी खांद्याला होती. संपलं, धाकटीच्या मनात आलं. पण त्या टेबलाशी आल्या, कागद ओढून घेतले आणि शेवटचं पान काढलं.

"हिने एक गोष्ट लिहिली नाही," त्या म्हणाल्या. कुणाचा लेख हे कळत नसल्याचं नाटक त्यांनी केलंच नाही. "मोजताना चुकतं. मधेच डोळा लागतो, नाहीतर आकडा विसरतो. मग परत एकपासून सुरुवात. आणि खरं सांगू? चुकलं की बरं वाटायचं मला. यांचे श्वास मोजताना मी मुद्दामही चुकायचे."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"तूही चुकायचीस ना?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

धाकटीने फक्त होकारार्थी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान तिला नव्हतं.

"मग लिही की." त्यांनी पान तिच्यासमोर सरकवलं, पेनाचं टोपण काढून पेन तिच्या बोटांत दिलं. तिने पेन कागदावर टेकवलं, पण डोळ्यांतल्या पाण्याने ओळच दिसेना. तेव्हा मास्तरीणबाईंनी पेन परत घेतलं आणि शेवटच्या ओळीच्या आधी, समासात, स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "मोजून होईपर्यंत कुणी मरत नाही."

मग खुर्ची ओढून त्या तिच्या शेजारी बसल्या आणि वकिलांना म्हणाल्या, "हं. आता सांगा, टॉवेलचं काय म्हणत होतात?"