एकच पिन काळी

वास सडक्या मासळीचा. या वसतिगृहात मासळी कधीच शिजत नाही.

गिझर, दोन हजार वॅट.

गार पाण्याने आंघोळ केलेल्या चौसष्ट मुली, त्यातल्या निम्म्यांचे आईबाप ऊस तोडायला कर्नाटकात.

"मी कबूल करते की" असा सुरू होणारा टाईप केलेला कागद. खाली सहीची जागा कोरी.

सॉकेटचं उजवं भोक, वितळून ओघळलेलं.

सगळं एकाच सकाळचं, गंगाखेडच्या एका मुलींच्या वसतिगृहातलं. कागद अधीक्षक किशनरावांनी काढला होता आणि सही स्वयंपाकीण सरजाबाईंची हवी होती. घरची विजेची शेगडी आणून गिझरच्या सॉकेटवर लावली, म्हणून बोर्ड जळाला, असा मजकूर. सही केली तर अकरा वर्षांची नोकरी संपली. सरजाबाई कणीक मळत राहिल्या. माझ्या घरी शेगडीच न्हाई, येऊन बघा, असं त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

वायरमन म्हणून पंकजा आली. आयटीआय झालेली, तालुक्यातली अर्धी वसतिगृहं तिच्याकडे. बोर्ड बदल आणि रिपोर्टात ओव्हरलोड लिही, किशनरावांनी दारातच सांगून टाकलं.

पंकजाने एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, हाताने पाडला. टेस्टर लावून करंट नाही याची खात्री केली. गिझरचा प्लग ओढून काढला. तो चिकटला होता. तीन पिना. अर्थची लखलखीत, न्यूट्रलची लखलखीत. फेजची काळी, खड्डे पडलेली.

तिने सॉकेट भिंतीतून बाहेर घेतला. पुढून जेवढा वितळला होता त्याहून जास्त मागून वितळला होता, तोही फेजच्या स्क्रूभोवती. सडक्या मासळीचा वास याच जळक्या प्लास्टिकचा. त्या वायरचं आवरण शेवटची दोन बोटं जळालं होतं. त्याच्या मागे वायर नव्यासारखी मऊ, लाल. न्यूट्रलचा स्क्रू नखाने हलेना. फेजचा स्क्रू तिने नखाने फिरवला.

फिरला.

(तिने तो पुन्हा फिरवून पाहिला. पुन्हा फिरला.)

मग तिने किशनरावांना जवळ बोलावलं.

"साहेब, या पिनेतून जेवढा करंट जातो तेवढाच त्या पिनेतून परत येतो. शेगडी लावली असती तर दोन्ही तापल्या असत्या, अख्खी वायर तापली असती. इथं एकच टोक जळलंय."

"म्हणजे?"

"स्क्रू ढिला. वायर नीट दाबली न्हाई की सांध्यात गरमी होती. रोज तापायचं, रोज गार व्हायचं, स्क्रू अजून ढिला. एमसीबी कशाला पडंल? करंट वाढलेलाच न्हाई."

किशनरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. जूनमध्ये हा बोर्ड कुणी बसवला, ते त्यांना आठवत होतं.

"पंकजा, हे लिहिलंस तर तुझंच नाव येतंय. ओव्हरलोड लिही, तुझंबी भागंल. पुढच्या वर्षीचं काम कुणाला द्यायचं, तेबी मलाच ठरवायचंय."

"द्या कुणालाबी."

तिने रिपोर्ट स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, पिठाच्या परातीशेजारी लिहिला. बिघाड: फेज टर्मिनलचा स्क्रू ढिला. कारण: जोडताना पुरेसा आवळला नाही. वापरणाऱ्याची चूक: नाही. बोर्ड बसवणाऱ्याचं नाव: आणि तिथे तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक.

सरजाबाईंनी हात धुतले. रिपोर्ट अडखळत, पण शेवटपर्यंत वाचला. पंकजाला वाटलं, आता बाई हात धरतील.

"तुह्या हातानं माही भाकर जायलती, पोरी," सरजाबाई म्हणाल्या. "खरं लिव्हलंस म्हणून आरती न्हाई ओवाळणार मी."

"नका ओवाळू."

"आन् साहेब, तुमचा कागद." सही न केलेला कागद त्यांनी किशनरावांपुढे धरला. ते घेईनात, तेव्हा त्यांनी तो लग्नाची पत्रिका द्यावी तसा त्यांच्या खिशात खोचला आणि कणकेकडे वळल्या.

पंकजाने जळकी वायर चांगलं तांबं लागेपर्यंत कापली. तारा पिळल्या, दुमडल्या, नव्या सॉकेटात घातल्या, मोठ्या पेचकसने आवळल्या, ओढून पाहिल्या. प्लगही बदलला, काळी पिन नवा सॉकेटही खाते. मग गिझर लावून वीस मिनिटं तिथेच बसली. एमसीबी पाडून, प्लग काढून पिनांना हात लावला. दोन्ही सारख्याच कोमट.

पुढच्या वर्षीचं काम तिला मिळालं नाही.

जूनमध्ये तो बोर्ड बसवला त्या दिवशी मोठा पेचकस घरी राहिला होता, आणि इथल्या चारही बोर्डांचे सगळे स्क्रू पंकजाने बारीक टेस्टरनेच आवळले होते; बाकीचे तीन अजून तसेच आहेत.