खेमिनचा अर्ज, दुरपतीचा अर्ज

माझ्या टपरीवर येणारा माणूस कधी सरळ बोलेल तर शपथ! टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, काढायची असते मुलीची आणि सुरुवात होते म्हशीपासून. मग म्हशीवरून नणंदेचं लग्न, लग्नावरून नवऱ्याची रायपूरची नोकरी, आणि शेवटी कधीतरी शाळा. त्या ढिगाऱ्यातून कामाचं तेवढं उचलायचं, ओळीने लावायचं आणि टाइप करायचं, हा माझा धंदा. कन्याशाळेच्या फाटकासमोर एकतीस वर्षं बसतोय. कोल्तेबाबूचा अर्ज परत येत नाही, असं इथे म्हणतात, आणि खोटं सांगत नाही, मला ते ऐकायला आवडतं.

दोन हजार आठचा जून. मोंगरा निषाद आली. राइस मिलमध्ये भात पाखडणारी, केसांत भाताचं तूस तसंच. बरोबर मुलगी, आठवी पास झालेली. नववीसाठी मोठ्या शाळेत घालायची, म्हणून टीसी हवी.

"मुलीचं नाव?"

"खेमिन. मला काय म्हणायचंय बाबूजी, ही झाली तेव्हा घरात लाकूड नव्हतं, पावसाने सगळं..."

"लाकडाचं राहू दे गं बाई! शाळेत कधी घातली?"

"नवं राज्य झालं ना, त्या वर्षी. आधी घातली. नाही, दिवाळीनंतर. मास्तरणी नवीन होती."

"आधी की नंतर?"

"दोन्ही."

मी कपाळाला हात लावला. तिने प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे उलटी केली. रेशनकार्ड, आठवीचा निकाल, लसीचं पिवळं पडलेलं कार्ड, गावच्या कोटवाराच्या, म्हणजे कोतवालाच्या, जन्मनोंदीची नक्कल, सरकारी दवाखान्याची एक चिठ्ठी. मी एकेक लावत गेलो आणि माझं डोकं फिरलं. निकालावर जन्म चौऱ्याण्णवचा. लसीच्या कार्डावर आणि कोटवाराच्या नकलेवर फेब्रुवारी पंच्याण्णव, नाव नुसतं आईचं.

"काय गं, एकच पोरगी दोनदा जन्मली की काय?"

खरंच असं बोललो मी. आज आठवलं की जीभ कापून टाकावीशी वाटते.

मोंगरा कागद गोळा करू लागली. बोलली ती मुलगी. "मी दुरपती आहे. खेमिन माझी मोठी बहीण."

मग हळूहळू कळलं. खेमिन पहिलीत गेली, दोन महिने गेली. तीजेच्या सणाला मोंगरा दोघींना घेऊन माहेरी गेली, तिथे खेमिनला ताप भरला आणि ती गेली. शाळेत कुणी कळवलं नाही. इकडे रायपूरचं नवं राज्य झालं, बदल्या झाल्या, दिवाळीनंतर नवी मास्तरणी आली. धाकटी, पावणेसहा वर्षांची, बहिणीची पाटी घेऊन तिच्या जागेवर जाऊन बसली. मास्तरणीने पुकारलं, खेमिन निषाद. ही म्हणाली, हजर. ते आठ वर्षं चाललं.

"आणि तू सांगितलं नाहीस?" मी मोंगराला विचारलं.

"दोन-तीनदा फाटकापर्यंत आले होते सांगायला." ती पदराशी चाळा करत म्हणाली. "एकदा हजेरी चालली होती. खिडकीतून नाव ऐकू आलं. कुणीतरी हजर म्हणालं. मग परत गेले. कुठेतरी तर तिचं नाव रोज घेतात, बाबूजी."

मी चष्मा पुसत बसलो. पण खरं सांगायचं तर पहिला विचार धंद्याचाच आला. खेमिनच्या नावाने अर्ज टाइप केला तर दहा मिनिटांचं काम. कोण विचारतंय? तसं मी तिला बोललोही.

तिने विचारलं, "मग दहावीच्या कागदावर कुणाचं नाव येईल?"

"खेमिनचं. नववीत बोर्डात नाव जातं, ते कायमचं. नोकरी, बँक, सगळीकडे तोच कागद."

"आणि दुरपतीचं?"

"दुरपतीचं कुठेच नाही."

मोंगराने मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत होती. "मला चालेल, दाई," ती आईकडे न पाहता पुटपुटली. "सवय आहे मला."

त्या 'सवय आहे'ने मोंगराच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला लिहिता येणार नाही. ती ताठ बसली. "नाही. हिच्या नावाने लिहा. जे झालं ते सगळं लिहा."

"अगं, शाळा भडकेल. तुझ्यावरच येईल."

"येऊ दे. केलंय कुणी? मीच ना?"

एकतीस वर्षांत माझ्याकडे पुष्कळ शहाणीसुरती माणसं आली, वकीलसुद्धा. आपल्यावर येईल तेवढं कागदावरून गाळायला सांगणारेच सगळे. स्वतःची चूक पहिल्या ओळीत घाला म्हणणारी ही पहिलीच. मी तसाच अर्ज केला. आधी रजिस्टरमधली चूक, मग जन्मनोंद, शेवटी टीसीची विनंती. क्रम महत्त्वाचा. मुलगी पटावर आहे तोवर शाळेला काही करता येतं, एकदा टीसी हातात पडली की दुरुस्तीसाठी जन्मभर हेलपाटे. त्या दिवशी टपरी बंद करून मी स्वतः त्यांच्याबरोबर समोरच्या शाळेत गेलो.

प्राचार्या लकडा मॅडम म्हणजे कडक काम. अर्ज दोनदा वाचला. "कोल्तेबाबू, हे काय आणलंत? आठ वर्षं माझ्या शाळेत मेलेल्या मुलीची हजेरी लागतेय?"

"मॅडम, खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच विचारतेय. खोटं असतं तर हाकलून दिलं असतं." त्यांनी शिपायाकडून मुलींची नावं दाखल आणि कमी केल्याचं जुनं दाखल-खारिज रजिस्टर मागवलं. पान उघडलं, बोट फिरवत थांबल्या. मग मोंगराला बसायला सांगितलं, स्वतःच्या समोरच्या खुर्चीवर. "मी नुसतं नाव खोडून दुसरं लिहू शकत नाही, बाई. तुझं शपथपत्र लागेल, जुन्या मास्तरणींचे जबाब लागतील, जिल्हा शिक्षण अधिकाऱ्याचा हुकूम लागेल. धावपळ मी करते."

सांगूनच टाकतो, त्यांनी केली. स्वतः दोनदा जिल्ह्याला गेल्या, जुलैत हुकूम आणला. दुरपती निषाद या नावाने टीसी निघाली आणि पोरगी त्याच नावाने नववीत बसली. असा अधिकारी मिळायला नशीब लागतं.

पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आधी एक गोष्ट हवी. खेमिनचं खातं इथे उघडंच आहे. तिचं नाव कमी करायचा अर्ज पालकाकडूनच यायला हवा. आत्ता दिलात तर आजच लिहिते."

मी मोंगराकडे पाहिलं. मॅडमच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन काढलं. आता ही म्हशीपासून सुरू करणार, असं वाटलं. करू दे म्हटलं, आज कितीही वेळ लागू दे.

"लिहा," मोंगरा म्हणाली. "खेमिन निषाद. बाप दुखूराम. वर्ग पहिला. दाखल पाच जुलै, सन दोन हजार. शेवटची हजेरी सव्वीस ऑगस्ट, शनिवार. नऊ सप्टेंबरला तापाने वारली, पहाटे. शाळेचं पुस्तक एक घरी आहे, ते परत करते. नाव कमी करावं, ही विनंती."

कुठे अडली नाही. मागे आली नाही. दुरपतीने आईचा हात धरला होता. लकडा मॅडम खिडकीकडे पाहत होत्या.

मी वाचून दाखवलं. तिने सही केली, एकेक अक्षर जोडून. त्या अर्जात मी एकही शब्द मागेपुढे केला नाही.