आठ तुळया

येडगावच्या धर्माजी सुताराला जुन्नरहून बोलावणं आलं ते दाराला रंधा मारायला. जैन स्थानकाच्या माडीचं दार अडकतंय, पावसानं फुगलं असेल, येऊन जा, असं स्थानकाचा कारभार बघणारे रूपचंदशेठ म्हणाले. म्हणजे ते असं म्हणाले, हे साळुबाईनं सांगितलं. फोन तीच घ्यायची. गेली दोन वर्षं धर्माजी फोनजवळ बसून तिच्या ओठांकडे बघायचा आणि ती मोठ्यानं तेच परत सांगायची. बाहेर कुणाला हे ठाऊक नव्हतं. घरी आलेल्या माणसाला साळुबाई म्हणायची, "ते कामात असले की ऐकत न्हाईत."

निघताना ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "शेठला सांगून टाका एकदा."

"काय सांगू?"

"ऐकू येत न्हाई म्हणून. लाकडाला तोंड न्हाई म्हणून चाललंय तुमचं."

"दार तर रंधायचंय," तो म्हणाला. "दाराला काय कान लागतात?"

सदाबाजारच्या मागच्या आळीतलं ते स्थानक म्हणजे गावातल्या जैन समाजाची साधनेची जागा. खाली दगडी जोत्यावर मोठा दिवाणखाना, वर लाकडी माडी. चातुर्मासाला साध्वी येतात, त्यांना सगळे महासतीजी म्हणतात. पावसाचे चार महिने त्या गाव सोडत नाहीत. यंदा तिघी होत्या. त्या माडीवरच उतरल्या होत्या आणि रोज सकाळी प्रवचन माडीवरच व्हायचं. चार दिवसांनी पर्युषण, जैनांचं उपास-प्रवचनांचं मोठं पर्व, लागणार होतं. मग आठ दिवस तिथं पाय ठेवायला जागा मिळाली नसती.

धर्माजी जिना चढला तेव्हा प्रवचन चालू होतं. पन्नासेक बायका, कडेला चारदोन पोरं. तो दाराशी बसला आणि त्यानं पातं हलवून पाहिलं. पावसानं फुगलेलं दार कडेनं सगळीकडे सारखं घासतं. हे तसं नव्हतं. वर एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात पातं चौकटीत रुतलं होतं. दाराला काही झालं नव्हतं. चौकटच तिरकी झाली होती. चौकट ज्या तुळईवर उभी होती, ती एका टोकाला खचली होती.

त्याच्या हातातला रंधा तिथंच राहिला.

आखाडात, साध्वी यायच्या आधी, याच तुळया त्यानं तपासल्या होत्या. खाली दिवाणखान्यात शिडी लावून आठही तुळयांवर हातोडीनं टकटक केलं होतं. सुताराचा कान हा अर्धा सुतार असतो. चांगलं लाकूड खणकन वाजतं. वाळवीनं आतून खाल्लेलं असलं तर पोकळ वाजतं, आणि कुजलेलं नुसतं बद्द, ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. त्याच्या बापानं त्याला हे आठव्या वर्षी शिकवलं होतं. पण त्या दिवशी पहिली तुळई बद्द वाजली. दुसरीही, तिसरीही. आठही तुळया बद्द. शिडीवर उभा राहून त्यानं विचार केला, आठही तुळया एकदम कशा कुजतील? म्हणजे खोट तुळयांत नाही, आपल्या कानात आहे. तपकिरी ऑइलपेंट कसा चकचकत होता. कुठं भोक नाही, वाळवीची मातीची नळी नाही.

रूपचंदशेठ तेव्हा सामायिकातून, म्हणजे घटकाभराच्या ध्यानातून, उठून आले होते, तोंडाला पांढरी मुहपत्ती तशीच बांधलेली. त्यांनी काहीतरी विचारलं. पट्टीमागं ओठ दिसत नव्हते. धर्माजीनं मान हलवली आणि म्हणाला, "ठणठणीत हाय समदं."

आता तो जिना उतरून खाली आला. शिडी लावली. माडीच्या दाराखालची तुळई मागच्या भिंतीत शिरत होती, तिथं भिंतीच्या तोंडाशी सिमेंटचा गिलावा पक्का थापलेला होता. त्यानं पटाशीनं रंग खरवडला. खालून ऐनाचं लाकूड निघालं, काळपट, चौकोनी भेगा पडलेलं. मग त्यानं खिशातला टोचा काढून लावला. जोर द्यावाच लागला नाही. टोचा मुठीपर्यंत आत गेला.

त्यानं तो तिरपा करून थोडं लाकूड उचकटलं. निरोगी ऐन उचकटलं की लांब, दोऱ्यासारखी ढलपी निघते. हे बिस्किटासारखं आडवं मोडलं. चिमटीत घेतलं तर पीठ झालं. वाळवी नव्हती, तिची माती नव्हती. ही कूज होती. बुरशीनं लाकडातला दम खाल्लेला.

डोक्यावर पन्नास बायका बसल्या होत्या. त्याला आवाज येत नव्हता, पण शिडीच्या पायरीतून त्याला पायांची हालचाल कळत होती. कुणीतरी उठलं. कुणीतरी बसलं.

पहिली गोष्ट त्याच्या मनात आली ती अशी, की या एका तुळईला टेकू द्यावा, शेठला सांगावं, जरा ओल धरलीय, बाकी ठीक. कुणाला काही कळणार नाही. चाळीस वर्षं जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत लोक म्हणत आले, धर्माजीनं वाजवून सांगितलं म्हणजे झालं. त्यानं बाकीच्या सात तुळयांकडे बघितलं. सगळ्या सारख्याच चकचकत होत्या. यातली एकही त्यानं खरी तपासली नव्हती. टेकू कुणाला द्यायचा?

तो उतरला आणि जोत्यावर बसून राहिला. निघून जावं असं वाटलं. एसटी स्टँड पाच मिनिटांवर होतं.

"झालं का दार?" रूपचंदशेठ समोर येऊन उभे होते. सत्तरीचा, सरळ पाठीचा माणूस, कापडदुकानाचा मालक. पट्टी नव्हती, ओठ दिसत होते.

"शेठ, वरची माणसं खाली घ्या."

"प्रवचन आहे. अर्ध्या तासात संपेल."

"आत्ता घ्या. एकदम न्हाई. भिंतीच्या कडेनं, दोघी-दोघी. कुणी पळू नका म्हणावं."

शेठनी शिडीकडे बघितलं, मग धर्माजीच्या तळहातावरच्या तपकिरी पिठाकडे. "आखाडात तू सांगितलंस ठणठणीत आहे."

"सांगितलं."

"मग दीड महिन्यात कुजलं?"

"न्हाई. तवाही कुजलेलंच व्हतं." धर्माजी उठून उभा राहिला. "शेठ, मला ऐकू येत न्हाई. दोन वरसं झाली. आठी तुळया मला सारख्याच वाजल्या, म्हणून चांगल्या म्हणून टाकल्या. तुमी तवा काय विचारलं, ते बी मला कळलं न्हवतं. मान हलवली नुसती."

शेठचा चेहरा राखेसारखा झाला. मग ते जिन्याकडे गेले आणि सत्तरीच्या मानानं फार भरभर वर चढले.

बायका भिंतीच्या कडेनं उतरल्या. सगळ्यात शेवटी महासतीजी. तिघी एका खांद्यावर आपल्या वस्तू घेऊन, जिन्याच्या पायऱ्या ओघ्यानं, लोकरीच्या मऊ झाडणीनं, अलगद झाडत उतरल्या. थोरल्या महासतीजी धर्माजीसमोर क्षणभर थांबल्या. त्यांच्याही तोंडावर पट्टी होती; तिच्यामागून त्या काही बोलल्या असतील, त्याला कळलं नाही. त्यांची सोय समोरच्या सुमतीबाईंच्या घरी झाली. जोत्यावर बसलेल्या धर्माजीला पाणी कुणी विचारलं नाही.

दुपारी शेठनी बोलावलेली तेजस्विनी आली. मंचरची मुलगी, अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली, जुन्या लाकडी इमारतींचं काम करते. तिच्याकडे दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र होतं. तिनं आधी गावभरच्या सेंट्रिंगचे लोखंडी जॅक आणवून आठही तुळयांखाली उभे करून घेतले आणि मगच शिडी चढली. कुजलेल्या टोकाशी यंत्रानं एकतीस टक्के दाखवलं, त्याच तुळईच्या मध्याला चौदा.

"विसाच्या वर ओल राहिली की बुरशी धरते," ती धर्माजीकडे तोंड करून, सावकाश बोलली. तिला कुणीतरी सांगितलं असावं. "पाणी येतंय कुठून?"

ते शोधायला वेळ लागला नाही. भिंतीबाहेरची पन्हाळ फुटली होती. पावसाचं पाणी भिंतीत मुरत होतं, आणि तुळयांची टोकं तर सिमेंटनं चहूबाजूंनी बंद.

"हे सिमेंट कुणी भरलं?"

"मी भरायला लावलं," रूपचंदशेठ म्हणाले. "तीन वर्षं झाली. वाळवी शिरू नये म्हणून. औषध मारलं तर जीव मरतात. फटी बुजवल्या तर कुणी मरत नाही, असं वाटलं."

"फट बुजली, पण ओल बाहेर पडायची वाटही बुजली."

शेठ भिंतीला टेकले.

संध्याकाळपर्यंत तेजस्विनी आणि धर्माजी शिडीवर होते. ती हातोडीनं वाजवायची, आवाज ऐकून मान हलवायची. मग तो टोचा लावायचा, उचकटायचा आणि ढलपीकडे बघायचा. बहुतेक वेळा दोघांचं एक यायचं. पाचव्या तुळईला ती म्हणाली ठीक, तो म्हणाला न्हाई. तिनं यंत्र लावलं. सव्वीस. आठातल्या तीन गेल्या होत्या, तिन्ही मागच्या भिंतीकडच्या टोकाला. एका मागच्या खांबाला जोत्यापासून निघालेली वाळवीची मातीची नळी सापडली, पण ती कोरडी आणि रिकामी होती.

तेजस्विनीनं मग शेठना सांगितलं. पन्हाळ आधी. सिमेंट फोडायचं, टोकाभोवती हवा खेळेल एवढी जागा ठेवायची. कुजलेलं टोक कापून सागाचा नवा जोड बसवायचा. जोडाला आणि टोकाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात कालवून दोन-तीन हात द्यायचे, भोकं पाडून आतही जिरवायचं. खांब आणि दगडाच्या मध्ये पत्र्याची झालर, कडा खाली वाकवलेली. वाळवी आली तर पत्र्यावरून नळी बांधताना दिसेल. लपून लाकडात शिरणार नाही.

"त्या बोरॅक्सच्या पाण्यानं जीव मरतो का?" शेठनी विचारलं.

"वास नाही, धूर नाही. माणसाला जपून वापरलं तर त्रास नाही. पण ते लाकूड खाल्लं तर किडा मरतो. मी खोटं सांगणार नाही."

शेठ समोरच्या घरी महासतीजींकडे गेले आणि परत आले. "त्या काही बोलत नाहीत. हो नाही, ना नाही. आमच्यात असल्या कामात त्या आज्ञा देत नाहीत." त्यांनी खांबावरच्या रिकाम्या नळीवर बोट टेकवलं. "ज्यात आज एकही जीव राहत नाही, त्या नव्या लाकडालाच लावा. जुन्याला पत्रा आणि कोरडं ठेवणं."

"चालेल," ती म्हणाली. "पण मग दरवर्षी बघावं लागेल."

"बघणार कोण?"

धर्माजी खाली मान घालून हत्यारं पिशवीत भरत होता. काय बोललं गेलं, ते त्याला ऐकू आलं नव्हतं. मान वर केली तेव्हा चेहऱ्यांवरून कळलं.

घरी तो दोन दिवस जेवला नाही. साळुबाई ताट घेऊन नुसती समोर बसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मेलं का कुणी?"

"न्हाई."

"मग जेवा."

पर्युषण समोरच्या घराच्या ओसरीत, ताडपत्रीखाली पार पडलं. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, जैन माणसं हात जोडून एकमेकांची वर्षभराच्या चुकांबद्दल क्षमा मागतात; तिच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. आपल्याला पुन्हा बोलावणं येईल असं धर्माजीला वाटलं नव्हतं. निरोप तेजस्विनीचा होता, की टोचा लावायला माणूस हवा.

तो शिडीवर बसून पाचव्या तुळईचं कुजलेलं टोक कापत होता. पन्हाळ बदलून झाली होती, भुसा ओला नव्हता आता. खाली कुणीतरी उभं आहे, हे त्याला शिडीच्या हलण्यावरून कळलं. रूपचंदशेठ होते. सामायिकातून उठून आलेले, तोंडाला मुहपत्ती. त्यांनी हात जोडले होते आणि काहीतरी म्हणत होते.

धर्माजीची मान सवयीनं हलायला निघाली. त्यानं ती अडवली. करवत तुळईवर ठेवली आणि दोन पायऱ्या खाली उतरला.

"शेठ," तो म्हणाला, "तोंडावरची पट्टी जरा खाली घ्या आन् परत सांगा. मला ऐकू आलं न्हाई."