आधी नफ्याचा चौकोन

योगेंद्र कविता शेवटच्या ओळीपासून लिहीत असे. शेवटची ओळ एकदा सापडली की तिच्यावर नजर खिळवून तो मागे मागे सरकत जाई. पहिल्या ओळीशी पोचेपर्यंत कवितेतला जीव बहुधा गेलेला असे. पण ते त्याच्या ध्यानात येत नसे, कारण तोवर तो स्वतःच्याच एकाकीपणाने भारावून गेलेला असे. यात जगाचे काही नुकसान नव्हते. दुर्दैव एवढेच की जळगावच्या एका महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवी, आणि तिथल्या आकृत्याही याच रीतीने काढी.

मक्तेदारीचा धडा आला की फळ्यावर दोन अक्ष उभे राहत आणि लगोलग, इतर कुठलीही रेषा जन्माला येण्यापूर्वी, नफ्याचा चौकोन उमटे. खरे तर तो आयत. पण वर्गात सगळे त्याला चौकोनच म्हणत. चांगला ऐसपैस, जांभळ्या खडूने भरलेला. मग त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून मागणीची रेषा उतरे. तिच्या खालून सीमांत प्राप्तीची रेषा, म्हणजे आणखी एक नग विकल्यावर एकूण प्राप्तीत किती भर पडते ते सांगणारी. ती मागणीच्या रेषेच्या अगदी जवळून चाले आणि अक्षाला टेकण्यापूर्वीच हवेत थांबे. "दोघींची सुरुवात एक, पण वाटा हळूहळू दुरावतात," असे म्हणून तो खिडकीबाहेर पाही. मागच्या बाकावरची मुलेही खिडकीबाहेर पाहत. तिथे सायकल स्टँड होता.

तृतीय वर्षाची कोकिळा रावेरहून रोज ये-जा करी. तिने एकदा आपल्या तपासून झालेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून त्याच्यासमोर ठेवली. "सर, आकृती तुमच्यासारखीच काढली. जांभळी पण केली. तरी शून्य दिलं."

आकृतीशेजारी परीक्षकाने लाल शाईत लिहिले होते : सीमांत प्राप्ती चूक, चौकोन चूक. योगेंद्रने बराच वेळ ते पाहिले. त्याला दिसली ती लाल शाईची रुक्षता. "परीक्षकाकडे दृष्टी नसते, कोकिळा. त्याच्याकडे फक्त गठ्ठा असतो."

"मग पुनर्मूल्यांकनाला टाकू?"

"टाक. सौंदर्य कधीतरी कोणाला तरी दिसतं."

तिने टाकले. शून्याचे शून्यच राहिले. योगेंद्रने त्यावर एक कविता लिहिली, अर्थात शेवटून.

त्या वर्षी जळगावच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या तासिका घटणार हे पक्के झाले आणि पुढच्या जूनपासून त्याला बोलावतील याची खात्री उरली नाही. तेवढ्यात धुळ्याच्या एका महाविद्यालयात पूर्णवेळ जागा निघाली. निवडीची रीत तिथली वेगळी होती : मुलाखतीआधी उमेदवाराने खऱ्या वर्गावर, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर पाठ घ्यायचा. विषय आला मक्तेदारीतील समतोल. योगेंद्रला वाटले, नियतीने अखेर त्याची दखल घेतली.

एरंडोल, पारोळे मागे टाकत एसटी धुळ्याला पोचली, तेव्हा थोरला भाऊ अभिमन गावाहून मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभा होता.

"काय शिकाडणार शे आज?" त्याने अहिराणीत विचारले.

"मक्तेदारी, भाऊ."

"ती काय ऱ्हास?" ती काय असते, हे त्याला खरेच माहीत नव्हते.

"इकणारा एकच ऱ्हास. दुसरा कोणीच नही."

"मंग त्याले काय चिंता," अभिमन म्हणाला आणि त्याने गाडीला किक मारली.

वर्ग भरलेला होता. मागच्या बाकावर तिघे बसले होते. प्राचार्य; डाळमिलचे मालक आणि संस्थेचे अध्यक्ष केवलचंदजी; आणि विषयतज्ज्ञ म्हणून लताबाई. लताबाईंनी पिंपळनेरला आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवून नुकतीच निवृत्ती घेतली होती. त्यांच्या हातात कागद नव्हता, पेन नव्हते. त्या फक्त फळ्याकडे पाहत होत्या, पण योगेंद्रला ती नजर स्वतःवरच रोखलेली वाटली.

त्याने अक्ष काढले. मग चौकोन काढला. प्रसंग मोठा होता, म्हणून चौकोनही मोठा झाला. जांभळा खडू त्याने जळगावहून सोबत आणला होता. चौकोन भरून झाल्यावर मागणीची रेषा काढायला गेला, तेव्हा लक्षात आले की उजवीकडे फळा संपत आला आहे. चौकोनाच्या कोपऱ्यातून जाणाऱ्या रेषेला खाली उतरायला फारशी जागाच उरली नव्हती. त्याने ती झपकन अक्षावर उतरवली. सीमांत प्राप्तीची रेषा नेहमीसारखी तिच्या कुशीतून आणली आणि हवेत सोडली. सीमांत खर्चाची, म्हणजे आणखी एक नग बनवायला किती खर्च येतो ते सांगणारी वक्ररेषा वर चढत येऊन तिला भेटली, अगदी जिथे भेटायला हवी तिथे, कारण योगेंद्रने आधीच ठरवले होते की ती तिथेच भेटेल.

"दोघींची सुरुवात एक," तो म्हणाला, "पण..."

"सर," लताबाई म्हणाल्या, "तुमची सीमांत प्राप्ती खाली कुठे टेकते?"

"ती... अपूर्ण सोडली आहे."

"का?"

या प्रश्नाचे त्याच्याकडे एक सुंदर उत्तर होते. मागच्या बाकाकडे पाहिल्यावर ते त्याने गिळले.

"पूर्ण करा," लताबाई म्हणाल्या.

त्याने रेषा पुढे नेली. ती मागणीच्या रेषेच्या जवळजवळ पायाशीच येऊन टेकली.

"बरं. मागणीची रेषा सरळ असेल तर सीमांत प्राप्तीचा उतार दुप्पट. बरोबर? म्हणजे मूळबिंदूपासून मागणीच्या पायापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्यावर ती टेकायला हवी. वर्गात पट्टी आहे का?"

पट्टी नव्हती. पहिल्या बाकावरच्या विधी नावाच्या मुलीने गळ्यातला स्टोल काढून पुढे केला. योगेंद्रने एक टोक मूळबिंदूवर धरले, विधीने दुसरे मागणीच्या पायाशी धरले. मग त्याने स्टोलची मधोमध घडी घातली आणि घडी अक्षावर टेकवली. ती जांभळ्या चौकोनाच्या बरोबर पोटाखाली आली. म्हणजे खरी सीमांत प्राप्ती चौकोनाच्या उजव्या कडेपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी जमिनीला टेकत होती, आणि त्यापुढे जमिनीखालून चालत होती.

"मॅडम, जमिनीखाली म्हणजे काय?" केवलचंदजींनी हळूच विचारले.

"ऋण. आणखी एक नग विकायला किंमत इतकी उतरवावी लागते की एकूण आवक वाढायच्या ऐवजी घटते."

"म्हणजे सर ज्या ठिकाणी उभे आहेत, तिथे एक पोतं जास्त विकलं की गल्ला कमी?"

"हो."

"मग तिथपर्यंत हे गेलेच कशाला?"

लताबाईंनी तो प्रश्न नजरेनेच योगेंद्रकडे वळवला. त्याला उत्तर माहीत होते : जायला जागा दिसली म्हणून. चौकोन रुंद, म्हणून नफा रुंद. आणि बाकीच्या रेषांनी निमूट येऊन त्या चौकोनाची समजूत काढायची. कितीतरी वर्षे त्याने बिचाऱ्या रेषांना वाकवून घेतले होते. आणि आत्ता, या नको त्या क्षणी, त्याला रावेरच्या कोकिळेच्या उत्तरपत्रिकेवरची लाल शाई आठवली. त्या परीक्षकाला दृष्टी होती.

आता दोनच वाटा त्याच्यापुढे होत्या. तोंडाने सारवासारव करायची, ज्यात तो निष्णात होता, किंवा नोकरी देणाऱ्यांसमोर स्वतःचा नफा पुसायचा. डस्टर सापडेना. त्याने खिशातला रुमाल काढला आणि फळ्यावर अक्ष व मागणीची रेषा तेवढी ठेवून बाकीचे सगळे पुसले. जांभळा खडू सहजासहजी जाईना. फळ्यावर एक मळकट सावली राहिली, पहिल्या पावलाला चुकलेल्या माणसाच्या मनात राहते तशी, असे त्याच्या मनात आले, आणि मग स्वतःचीच लाज वाटून त्याने आणखी जोराने पुसले.

"पुन्हा काढतो," तो म्हणाला.

स्टोल पुन्हा तसाच धरून घडीपाशी त्याने खूण केली आणि तिथे सीमांत प्राप्ती उतरवली. सीमांत खर्च काढला. सरासरी खर्च अशा बेताने काढला की सीमांत खर्च त्याला त्याच्या तळाशीच छेदून जाईल. सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च जिथे भेटले, तिथून सरळ खाली उतरून नगसंख्या नोंदवली. तिथूनच वर चढत मागणीच्या रेषेपर्यंत जाऊन किंमत नोंदवली. आता चौकोन. हात सवयीने त्या भेटीच्या बिंदूकडेच गेला, चौकोनाची खालची कड तिथूनच ओढायला.

"सर," विधी कुजबुजली.

"माहीत आहे," तो म्हणाला, पण त्याला माहीत व्हायला तिची कुजबूज लागली होती. त्या नगसंख्येला सरासरी खर्च किती, ते त्याने वर शोधले आणि कड तिथून काढली. किंमत वर, सरासरी खर्च खाली, डावीकडे अक्ष, उजवीकडे नगसंख्येची रेषा. सगळ्यांत शेवटी चौकोन उभा राहिला : अरुंद, किरकोळ, पण स्वतःच्या पायांवर.

"एवढाच?" केवलचंदजी म्हणाले.

"या रेषांवर एवढाच बसतो, शेठ," योगेंद्र म्हणाला. पाठात कवितेसारखे काहीही नसलेले ते त्याचे एकमेव वाक्य होते, आणि वर्गाने नेमके तेच वहीत उतरवून घेतले.

बाहेर अभिमन चहाच्या टपरीवर वाट पाहत होता. "कसं व्हयनं?"

"बठ्ठं, सगळं पुसी टाकं, भाऊ."

"मंग? दुसरं काढं ना?"

"काढं."

"मंग रडस काय," अभिमन म्हणाला आणि त्याने दुसरा कप मागवला.

काही दिवसांनी प्राचार्यांचा फोन आला. "लताबाईंनी तुमचंच नाव सुचवलंय."

"माझी शिकवण्याची शैली..." योगेंद्र विनयाने सुरू झाला.

"शैलीबद्दल बाई काही बोलल्या नाहीत. बाकीच्या दोघा उमेदवारांनी छापील तक्ते टांगले होते. तक्त्यांत चूक नव्हती. बाईंचं म्हणणं, मुलं आकृती कशी चुकतात आणि ती कशी सुधारायची, ते फक्त तुमच्या पाठात दिसलं. दोन्ही तुम्हीच केलंत." मग प्राचार्यांनी पुस्ती जोडली : "एक अट आहे. पहिलं सत्र बाई तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणार."

संध्याकाळी जळगावच्या खोलीत त्याने आधी कोकिळेला फोन लावला आणि चौकोनाचे सगळे सांगितले.

"म्हणजे शून्य बरोबर होतं?"

"हो."

"आणि पुनर्मूल्यांकन?"

"तेही बरोबर होतं."

"आणि जांभळा पेन?"

"पेन चांगला आहे. फक्त शेवटी काढायचा."

पलीकडे ती हसली असावी. मग म्हणाली, "सर, पण मागच्या वर्षीची मुलं? त्याआधीची? सगळ्यांच्या वह्यांत तोच चौकोन आहे. माझ्या आत्तेबहिणीने पण माझ्याकडूनच उतरवून घेतलाय. ग्रुपवर टाकू का मी?"

योगेंद्रच्या डोळ्यांसमोर रावेरपासून पारोळ्यापर्यंत जांभळे चौकोन पसरत गेले, केळीच्या बागांतून, बसच्या सीटवरून, कोणाच्या तरी आत्तेबहिणीच्या दप्तरातून. एवढा प्रसार त्याच्या एकाही कवितेला लाभला नव्हता.

"नको," तो म्हणाला. "मीच टाकतो."

फोन ठेवून तो संदेश लिहायला बसला. पहिल्यांदा शेवटची ओळ सुचली. चांगली होती, जरा ओलसर. त्याने ती लिहिली, वाचली आणि पुसली. मग नव्याने सुरुवात केली : आधी दोन अक्ष काढा.