काढायचे आणि ठेवायचे

आत्याला या भानगडीत पडून मिळण्यासारखं होतं काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं. चार जीबी. घरातल्या त्या काळ्या गेमच्या डब्यात आत्याचा एकच खेळ होता, तळ्याकाठी बसून मासे धरायचा, आणि तो चार जीबीत मावत होता. बाकीच्यांचं सामान आठशेच्या घरात. पण जागा कमी पडली की घरात पहिलं बोट चार जीबीवाल्याकडेच वळतं, हे आत्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत शिकली होती. ती इस्पितळाच्या स्टोअरची कीपर होती. कपाटात जागा नसली की डॉक्टर लोक स्वतःची जुनी यंत्रं हलवत नसत, सुईदोऱ्याचा डबा हलवा म्हणत.

तळ्यात दीडशे जातींचे मासे होते. तीन वर्षांत आत्याने एकशे सेहेचाळीस धरले होते. राहिलेल्या चारांपैकी एक मिशाळ मासा रोज गळाशी येऊन आमिष खाऊन जायचा. त्याचं नाव तिने ‘सिव्हिल सर्जन’ ठेवलं होतं.

तर रविवारी सकाळी भाची डब्यासमोर फतकल मारून बसली होती आणि पडद्यावर लिहून आलं होतं की जागा अपुरी आहे. तिचा नवा खेळ सोमवारी संध्याकाळी सुरू व्हायचा होता, मैत्रिणींची टोळी तयार होती, आणि त्याला एकशे चाळीस जीबी हवे होते. रिकामे होते अठ्ठावीस.

“एक टीबीचा डबा आणला होता आपण,” भाऊ म्हणाला. “खोक्यावर लिहिलंय. म्हणजे हजार. गेले कुठे?”

“बाबा, आपल्याला मिळतात आठशे बेचाळीस. बाकीची मशीन स्वतःसाठी ठेवतं. आणि थोडा मोजण्यातला फरक.”

“म्हणजे सदनिकेसारखं,” भावजय आतून म्हणाली. “जिना आणि भिंती धरून.”

भाऊ कंपाउंडर होता. पंचवीस वर्षं औषधांच्या चिठ्ठ्या वाचून त्याला एक सवय लागली होती: लिहिलंय ते द्यायचं, का लिहिलंय ते विचारायचं नाही. त्यामुळे खोक्यावर हजार लिहिलेले असताना आठशे बेचाळीस मिळणं त्याला पटेना. त्याहून एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नव्हती.

“माझं जुनं फुटबॉल तर डिस्कवर आहे. मी डिस्क घालतो तेव्हाच चालतं. मग त्याने आत चोपन्न जीबी का अडवलेत?”

“डिस्कवरून सगळं आत उतरवून घेतं, बाबा. डिस्कवरून वाचत बसलं तर फार हळू चालेल. नंतर डिस्क फक्त तिकीट. दाखवली की आत सोडतात.”

“तिकीट दाखवायचं आणि खुर्ची पण घरून आणायची,” भाऊ पुटपुटला.

मग कोणाचं काय काढायचं यावर अर्धा तास गेला. भाचीला नाचाचा खेळ जड वाटत होता, भावजयीला लढाईचा, भावाला गाड्यांचा, आणि तिघांचं एकमत एकाच ठिकाणी होऊ लागलं.

“ते तळं,” भाऊ म्हणाला, “तसं काय, एकटी ताईच तर—”

“यादी मी करते,” आत्या म्हणाली.

तिने जुनं रजिस्टर आणलं, चष्मा पुसला आणि भाचीला बाजूला बसवून चौकशी लावली. लढाई दोनशे दहा. वाळवंटातल्या घोडेस्वाराचा खेळ एकशे पंचवीस. गाड्या एकशे अठरा. भावाचं नवं फुटबॉल बासष्ट, जुनं चोपन्न. नाच एक्केचाळीस. तळं चार. भाचीने स्वतःच्या पराक्रमाचे भरून ठेवलेले व्हिडिओ अठ्ठावन्न. आणि बारीकसारीक सात-आठ खेळ मिळून एकशे बेचाळीस. बेरीज आठशे चौदा.

“लढाईला एवढं काय लागतं गं? तोफा खऱ्या आहेत का?”

“चित्रं. भिंतीवरचा एकेक ओरखडा जवळून बघितला तरी स्पष्ट दिसायला हवा. शिवाय आवाज. आणि दर महिन्याला नवीन नकाशे येतात, ते चढत जातात. घेतला तेव्हा एवढा नव्हता.”

“माणसांचंही तसंच,” आत्या म्हणाली आणि पुढच्या ओळीवर गेली. “आता सांग, काढून टाकलेला परत आणायचा झाला तर?”

“विकत घेतलाय ना, परत फुकट उतरवता येतो. आपल्या नेटवर तासाला साधारण सोळा जीबी.”

आत्याने समासात भागाकार केले. लढाई तेरा तास. तळं पंधरा मिनिटं. इथे तिचं मन चरकलं, कारण आकडा प्रामाणिकपणे बोलत होता: जे पंधरा मिनिटांत परत येतं ते काढायला हरकत नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही होती. चार जीबी काढून मिळतं काय? चारच. तिने दुसरी बाजू वहीत घेतली.

“आणि माझे मासे? खेळ गेला की मासे गेले?”

“नाही गं आत्या. खेळ म्हणजे सामान, आणि आपला डाव म्हणजे सामानाची वही. वही वेगळ्या खणात असते. सामान बाहेर फेकलं तरी वही राहते. वहीला हात लावायला वेगळ्या यादीत जावं लागतं. तिकडे कोणी जात नाही.”

आत्याचा जीव भांड्यात पडला. ही एवढी महत्त्वाची गोष्ट तिने स्वतःपुरती ऐकून घेतली. वहीत लिहिली नाही, कारण स्वतःचा जीव भांड्यात पडल्याची नोंद कोणी करत नाही.

मग भाची क्लासला गेली आणि आत्या न्यायाला बसली. नुसतं वजन बघायचं नाही, हा तिचा पहिला नियम. शेवटचा हात कधी लागला ते बघायचं. डबा स्वतःच ती तारीख दाखवतो. वाळवंट भाचीने मार्चमध्ये संपवलं होतं, पुन्हा उघडलं नव्हतं. जुनं फुटबॉल नवं आल्यापासून तसंच पडून, शिवाय त्याची डिस्क घरात. दोन्ही मिळून एकशे एकोणऐंशी. अठ्ठावीस धरून दोनशे सात. नवा खेळ घालून सदुसष्ट शिल्लक, आणि ती हवीच, कारण काठोकाठ भरलेल्या डब्यात पुढच्या महिन्याचं अपडेट मावत नाही. आत्याला हा हिशेब फार आवडला. तळ्याचं नावही न घेता तळं वाचलं होतं.

तिने स्वच्छ कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे ‘काढायचे’: लढाई, गाड्या, नवं फुटबॉल, नाच, तळं. उजवीकडे ‘ठेवायचे’: वाळवंट, जुनं फुटबॉल. कागद भावाच्या हातात दिला, म्हणाली, “यादीप्रमाणे कर,” आणि आंघोळीला गेली.

आता स्टोअरची भाषा अशी, की माल काढायचा म्हणजे वापरायला बाहेर काढायचा, हाताशी, दाराजवळ. आणि ठेवायचा म्हणजे वर माळ्यावर, नजरेआड. बत्तीस वर्षं आत्याने असंच लिहिलं आणि एकाही शिपायाने चूक केली नाही. भाऊ शिपाई नव्हता, कंपाउंडर होता.

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, ताईचं डोकं फिरलं. स्वतःचं तळं काढायला लिहिलंय? मग त्याला भरून आलं. बाई केवढी न्यायी, स्वतःपासून सुरुवात केली. मग आपण कोण कुरकुरणारे? त्याने एकेक करून पाचही खेळ उडवले. आणि अंगात त्याग संचारलेला असल्यामुळे तो आणखी खणत गेला, तेव्हा त्याला एक वेगळी यादी दिसली: जतन केलेले डाव. काढायचं तर मुळापासून, म्हणून त्याने पहिलं स्वतःचंच निवडलं. नवं फुटबॉल. पुसलं. सुटलेली जागा बघितली तर बत्तीस एमबी. “एवढ्याशासाठी कोण मेहनत घेणार,” असं म्हणून त्याने बाकीच्यांना हात लावला नाही.

आत्या केस पुसत आली तेव्हा पडद्यावर वाळवंट आणि जुनं फुटबॉल ऐटीत बसले होते. बारीकसारीक सोडलं, तर घरात जे कोणी खेळत नव्हतं तेवढंच नेमकं डब्यात उरलं होतं.

“तळं कुठंय?”

“काढलं.”

“काढलंस, मग दिसत का नाही?”

“काढलं म्हणून दिसत नाही.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. भावजय दोघांकडे बघत राहिली. मग ती येऊन कागद वाचू लागली.

“ताई, काढायचे म्हणजे टाकायचेच ना? कपाट काढायचं म्हटलं की मी काय करते?”

“कपाट काढलंस की आवरून परत लावतेस,” आत्या म्हणाली. “आणि चांगल्या बशा काढ म्हटलं की?”

भावजय विचारात पडली. “मग ठेवायचे म्हणजे?”

“ठेवून द्यायचे.”

“राहू द्यायचे की ठेवून द्यायचे?” भाऊ म्हणाला. “ताई, औषधाची चिठ्ठी अशी लिहिली असती तर माणूस गेला असता.”

“गेला असता तर बिल तुझ्याच नावावर फाटलं असतं,” आत्या म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. वही वेगळ्या खणात असते, असं पोरगी म्हणाली होती खरं. पण पोरीच्या बोलण्यावर एकशे सेहेचाळीस मासे टांगलेले, आणि पोरगी क्लासला.

भाची एक वाजता आली. तिने कागद बघितला, पडदा बघितला, आणि तिला हसू की रडू ते कळेना. मग तिने कामाला हात घातला. वाळवंट आणि जुनं फुटबॉल काढले, म्हणजे तिच्या अर्थाने काढले. नव्या खेळाला नऊ तास, त्याच्यामागे लढाई तेरा, गाड्या सात, नाच अडीच, अशी रांग लावली.

“आणि तळं?” आत्याने विचारलं, जसं काही सहज.

“ते सगळ्यांत आधी लावलंय. पंधराच मिनिटं लागतात.”

ती पंधरा मिनिटं आत्या पट्टी सरकताना बघत उभी होती. तळं उघडलं. धुकं, काठ, मोडका बाक. वहीत एकशे सेहेचाळीस. पाण्यात मिशा हलल्या. सिव्हिल सर्जन आमिष खाऊन गेला. आत्या खाली बसली.

“बरं, माझं फुटबॉलही घे रांगेत,” भाऊ खुशीत म्हणाला. “वही राहतेच म्हणतेस ना? पाचवा हंगाम चालू आहे माझा.”

भाचीने वहीच्या खणात बघितलं. नाच होता, गाड्या होत्या, लढाई होती.

“बाबा, तुमचा डाव इथे कोणी पुसला?”

भावाने यादीचा कागद पुन्हा वाचायला घेतला.

“नेटवर त्याची प्रत राहते, पण त्याची वर्गणी भरावी लागते. तुम्हीच नको म्हणाला होतात.”

आत्याने रजिस्टर ओढलं. चूक कोणाची, हा रकाना तिने आखून बघितला आणि खोडला. मग एवढंच लिहिलं: भाची, लढाईपुरता बावीस तासांचा खोळंबा. भावजय, दीड दिवस नाच बंद, तक्रार नाही. आत्या, पंधरा मिनिटं. भाऊ, पाच हंगाम. बदल्यात सुटलेली जागा, बत्तीस एमबी.