निळ्या दोराची गाठ

"ये सूता, ये ओल्या, बस उन्हाच्या मांडीवर... पाण्यानं जे कुजवलं, ते ऊन घेते खांद्यावर..."

आजाचा आवाज. माहेरी, कारध्याला, वैनगंगेच्या काठच्या वाळूत सुताचं जाळं पसरताना आजा हे गुणगुणत असे, आणि सात-आठ वर्षांची दुर्गा जाळ्याचं दुसरं टोक धरून मागे मागे सरकत जाई. "ताण, माय, ताण. सावली पडू देऊ नोको. सुताले ऊन पाहिजे, नाही त सडते." आजा गेला, सुताची जाळी गेली. पण ओलं काही हातात आलं की दुर्गाचे पाय अजून आपोआप उन्हाकडे वळत.

आज तोच आवाज कानात होता आणि दुर्गाला वाटत होतं, तो बंद व्हावा.

ती घरातल्या माचाखाली, सामानाच्या फळ्यांखाली, उभी होती. माचावर पोतं होतं, पोत्यात दोर नव्हता.

"मंगलाबाई," ती कुंपणापलीकडे ओरडली, "इकडं कोणी येऊन गेलं का वं?"

"तुझा नवराच त आला होता. तू मोटारीवर पाणी भराले गेली होती तवा." मंगलाबाईनं सूप खाली ठेवलं. "तुडुम बंद झाली ना तळ्याची! गवत अटकलं की लाकूड, कोणाले माहीत. धान पोटरीत आलं अन् कालव्याले थेंब नाही. सोमाजीनं बलावलं त्याले. तुझी सासूबी गेली मागं मागं. डोळे काहून असे केले वं? पहिल्यांदा उतरून राहिला का तो?"

पहिल्यांदा नव्हता. तळ्याच्या पोटातून कालव्यात पाणी सोडणारं ते दगडी तोंड, तुडुम, दर दोन-तीन वर्षांनी अडत असे, आणि भूपेश कमरेला दोर बांधून खाली जात असे. हातानं गवत ओढायचं. गवत मोकळं झालं की पाणी एकदम ओढतं, माणसालाही ओढतं. तेव्हा पाळीवरच्या, तळ्याच्या बांधावरच्या, माणसांनी दोर खेचायचा. परत येण्याची वाट तेवढीच, करंगळीएवढ्या जाडीची.

आणि तो दोर दुर्गानं उन्हात ठेवला होता.

लग्न होऊन आली त्या दिवशीच सासूनं, बेबीबाईनं, माचावरचं पोतं दाखवलं होतं. "याले हात लावायचा नाही." का, ते सांगितलं नाही. बेबीबाई काहीच सांगत नसे. सुती लुगडी, चादरी, धोतरं आंगणात टाकी. नायलॉनची जाळी, नायलॉनच्या साड्या, प्लास्टिकचा प्रत्येक दोर मात्र पडवीत, सावलीत, वाऱ्यावर. एकुलतं एक कोशाचं, रेशमी पातळ तर पडवीतही आतल्या कोपऱ्यात. पावसाळ्यात जाळ्यांना कुबट वास सुटे. दुर्गा नाक मुरडी.

"सासूले तुह्या ऊन चावते का वं?" मंगलाबाई हसे.

"बाहेरची बाधा असन," दुर्गाही हसे.

मग मागच्या दिवाळीनंतर नणंदेच्या बाळंतपणाला बेबीबाई तुमसरला गेली. भूपेशही तिथल्याच राईस मिलमध्ये पोती उचलायला राहिला. घरी दुर्गा एकटी. आंगणातली कपड्यांची तार गंजून तुटली. दुसरी आणायला बाजार दूर, आणि माचावर चांगला निळाभोर दोर नुसता पडून. तिनं तो दोन डांबांना, लाकडी खांबांना, ताणून बांधला. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, हात ठेवला तर तापलेलासुद्धा लागत नव्हता. गरमच नाही, तर बिघडणार काय? मग होळी आली, चैत्र आला, वैशाख आला. दोर तिथंच.

त्या आंगणानं तिला सगळं दाखवलं होतं, तिनंच पाहिलं नाही. सुती चादर पांढरी होत गेली, पण सूत टिकून राहिलं. जांभळ्या लुगड्याचा वरचा पदर विटला, घडीतला जांभळाच राहिला. तिची आवडती नायलॉनची साडी एक दिवस घडीवर सरळ रेषेत फाटली, कोणी न ओढता. कोशाचं पातळ तिनं हौसेनं एकदा धुतलं आणि कितीतरी दिवस बाहेरच विसरली. ते पिवळं पडलं, आणि नेसताना बोट लागलं तिथं कागदासारखं चिरलं. ते तिनं पेटीच्या तळाशी घातलं.

मृगाच्या आधी सासू येणार असा निरोप आला तेव्हा तिनं दोर सोडला. निळा कुठे राहिला होता? पांढुरका, खरबरीत. तळहाताला पांढरी भुकटी लागली आणि बारीक कुसळं टोचली. चिमट्यांखाली आणि गाठींत मात्र जुना निळा रंग जसाच्या तसा होता. दुर्गानं दोर गुंडाळला, आणि गाठींतला निळा भाग वर येईल अशी वेटोळी घातली. मग पोत्यात घातला. ते तिचे हात होते. आज तिला ते हात स्वतःचे वाटत नव्हते.

आता ती आंगणात आली. डाव्या डांबावर तेव्हा न सुटलेली गाठ अजून होती. तिनं विळ्यानं कापून टाकलेलं वीतभर टोक लोंबत होतं. दुर्गानं ते मुठीत धरलं.

'तुटणार नाही,' ती मनाशी म्हणाली. 'दोर आहे तो. माणूस तोलतो.'

तिनं हिसका दिला. टोक हातात आलं. आवाजसुद्धा नाही झाला.

पाळ गावाच्या टोकाला. दुर्गा धावली तेव्हा पायात चप्पल नव्हती, मुठीत तेवढा तुकडा होता. धुऱ्यावरून जाताना धानाची पाती पिंढऱ्यांना कापत होती. सांगायचं. पोचताच सांगायचं. काय सांगायचं? की माय, तू नको म्हटलेलं मी केलं? की निळी बाजू वर करून ठेवली? चार माणसांत?

पाळीवर चार-सहा माणसं होती. दगडी खांबाजवळ पाणी काळं, वर शेवाळाची साय. सोमाजी, गावच्या मासेमार सोसायटीचा म्हातारा अध्यक्ष, दोर धरून बसला होता. मागे सोसायटीतलाच धनीराम. बेबीबाई बाजूला उकिडवी, नजर पाण्यात.

"आली पाह्य बायको," सोमाजी दात नसलेल्या तोंडानं हसला. "बाई, चोरून नेत नाही आमी तुह्या नवऱ्याले. आत्ता वापस करतो."

पाणी फुटलं. भूपेशचं डोकं वर आलं. नाकातून पाणी, केसांत हिरवं गवत. तो खांबाला धरून धापा टाकत होता.

"लाकूड हाय गा! आडवं बसलं हाय. गवत आर्धं काढलं. अजून एक डुबकी."

"थकला असशीन त बस जरासा," धनीराम म्हणाला.

"बसलो त पुना गवत येऊन बसन." भूपेशनं दुर्गाला पाहिलं, हसला. "तू कायले आली वं? सैपाक झाला का?"

दुर्गानं तोंड उघडलं. चार माणसं तिच्याकडे पाहत होती. दोर त्याच्या कमरेला होता, निळा. तिथून वर सोमाजीच्या हातापर्यंत पांढरा, राखेसारखा. कोणाला दिसत कसं नव्हतं?

"अहो..."

भूपेशनं छाती भरून घेतली आणि पाणी त्याच्यावर मिटलं.

दोर सरसर आत जाऊ लागला. सोमाजीच्या बोटांमधून. बोटांवर पांढरी भुकटी.

"माय!" दुर्गाचा आवाज फाटला. "माय, दोर उन्हात होता! दिवाळीपासून मृगापर्यंत. मीच बांधला होता, कपड्याले. हे पाह्य..." तिनं मूठ उघडली.

बेबीबाईनं तुकडा पाहिला. दुर्गाकडे पाहिलंच नाही. ती उठली कशी ते कोणाला कळलं नाही.

त्याच क्षणी पाळीच्या पलीकडे, कालव्यात, पाणी खळखळलं. लाकूड हललं होतं. दोर एकदम ताठ झाला.

"ओढा रे!" धनीराम ओरडला.

"ओढू नोका!" बेबीबाईची किंकाळी होती ती. "तुटते तो! ओढू नोका! बांबू! डोंग्यावरचा बांबू आणा!"

"अवं बेबी, पोरगं खाली..."

"सोमाजी, माह्या पोराची शपथ, झटका देऊ नोको! धरून ठेव नुसता!"

ताठ दोरातून पाणी थेंब थेंब गळत होतं. आणि मग दुर्गाला ऐकू आलं. टिक. एक धागा. टिक, टिक. कुसळं उभी राहत होती, दोराच्या अंगावर काटा यावा तशी. धनीरामनं डोंग्यावरचा, काठाच्या होडीतला, लांब बांबू खांबाला घासत खाली घातला. बेबीबाई कमरेपर्यंत पाण्यात उतरली, बांबूला दोन्ही हात लावले, आणि तो खाली ढोसत राहिली. "धर, बापा. धर रे माह्या सोन्या, धर."

काहीच झालं नाही. पाणी खळखळत होतं, कालव्यात, आनंदानं. वर आभाळात ऊन होतं. लख्ख, ओळखीचं, आजाचं ऊन.

टिक.

दोर सैल पडला. सोमाजी मागे कोसळला. त्याच्या हातात तुटका शेंडा होता.

दुर्गा ओरडली की नाही, तिला आठवत नाही. तिला आठवतो तो बांबू. तो हलला. खालून कोणीतरी त्याला धरून हलवलं.

"आता ओढा!"

बेबीबाईच्या हाकेसरशी सगळे धावले. भूपेश वर आला तो बांबूला मिठी मारूनच, डोळे मिटलेले, खांदा दगडावर सोललेला. पाळीवर आडवा टाकला तेव्हा त्यानं पाणी ओकलं, खोकला, पुन्हा ओकला, आणि मग रडल्यासारखा श्वास घेतला. दुर्गानं त्याचे पाय मांडीवर घेतले. ते गार होते. ती घासत राहिली, घासत राहिली.

सोमाजीनं तुटका शेंडा पुढे केला. "चांगला जाड होता गा. कसा काय..."

बेबीबाईनं तो घेतला. ओल्या लुगड्यानिशी खाली बसली, पीळ उलगडला. बाहेरचे धागे पांढरे, बोट लावताच मोडणारे. आतला एक पीळ अजून निळा, जिथं उजेड पोचलाच नव्हता.

"माय, मार मले," दुर्गा म्हणाली. "मी लपवलं. निळं वर करून ठेवलं. थंडीतलं ऊन, गरमबी नव्हतं, म्हणून मले वाटलं..."

"गरमीनं नाही होत ते, पोरी." आवाज इतका हळू की सगळे वाकले. "उजेडानं होते. सूत उन्हात वाळते, दमानं मरते. हे आतून निळं राह्यते अन् बाहेरून मरते, अन् कोणाले दिसत नाही."

"तुले कसं ठाव माय?" भूपेशनं डोळे उघडले होते. "तू त कधी सांगतलं नाही."

बेबीबाई तळ्याकडे पाहत होती, त्याच खांबाकडे, जिथून वीस वर्षांपूर्वी सुखरामला, भूपेशच्या बापाला, बाहेर काढलं होतं. तळ्याच्या देवीनं नेला, असं गाव म्हणत आलं होतं. तिनंही कधी नाही म्हटलं नव्हतं. दर साली नारळ फोडला होता.

"देवीनं नाही नेलं रे तुह्या बापाले," ती म्हणाली. "तवा नायलॉन नवं नवं आलं होतं आपल्या घरी. दोर ओला होता, मीच रोज पाळीवर वाळू घातला. उन्हात. सुताचा घालत होती तसा. तो असाच तुटला. मले तवाच समजलं होतं, हातात कुसळं होती माह्या." तिनं दुर्गाचा हात ओढून घेतला, तळवा उघडला, त्यात रुतलेलं पांढरं कुसळ नखानं काढू लागली. "सांगतलं असतं त हिनं बांधला नसता."